झिपरूची अक्कलदाढ

झिपरू भोये बावीस वर्षांचा झाला तेव्हा सरकारने त्याला बालमजूर म्हणून सोडवलं.

त्याचं रूपच तसं होतं. उंची बेताची, गाल गुळगुळीत, ओठावर मिशीऐवजी मिशीचा नुसता इरादा, आणि आवाज असा की मागून ऐकणाऱ्याला वाटावं, शाळा सुटली. जुन्या काळी एखाद्या नाटक कंपनीच्या हाती हा लागला असता तर मालकाने त्याला उशाशी घेऊन निजवलं असतं. पंचविशीपर्यंत ध्रुवबाळ करणारा नट रोज कुठे मिळतो? पण झिपरू जन्मला पेठ तालुक्यातल्या डोंगरात, आणि तिथून उतरला तो थेट सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये, नळाच्या तोट्यांना चकाकी आणायला.

या रूपाचे त्याने फायदेही घेतले होते, ते लपवण्यात अर्थ नाही. एसटीचं अर्धं तिकीट त्याने मिसरूड फुटायच्या वयापर्यंत वापरलं. मिसरूड न फुटल्याने पुढेही वापरलं. जत्रेत पाळणेवाला त्याला पुढच्या पाळण्यात बसवायचा. गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, त्याला कायम लहान देवांची सोंगं मिळायची, थोर राक्षसाचं जड सोंग कधीच नाही. याचं त्याला वाईट वाटे. रोशनीने लग्नाला होकार दिला तेव्हा मात्र त्याला पहिल्यांदा थोर राक्षस झाल्यासारखं वाटलं. रोशनी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, त्याच्यापेक्षा चार बोटं उंच, आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे वीस वर्षांची. झिपरूकडे दाखला नव्हता. आईबाप द्राक्षाच्या हंगामाला दिंडोरीकडे जायचे, पोर सोबत जायचं. शाळेत नाव लागलंच नाही. जन्माची नोंद कोणी केली नाही, कारण जन्म झाला तो बागेच्या कडेला पालात, आणि तेव्हा सगळ्यांना छाटणीची घाई होती.

त्याच्याकडे होतं ते आधार कार्ड. पाड्यावर कॅम्प आला होता. तो मशीनवाला समोरच्या माणसाला जन्मतारीख विचारायचा. समोरचा आईकडे बघायचा, आई आभाळाकडे. मग तो एक जानेवारी टाकायचा आणि वर्ष चेहरा बघून ठरवायचा. बारा वर्षांच्या झिपरूचा चेहरा बघून त्याने सहा वर्षं धरली. त्यामुळे कार्डाप्रमाणे झिपरू आज सोळा वर्षांचा होता आणि त्याची बायको नऊ महिन्यांची गरोदर होती.

धाड पडली ती सकाळी, चहाच्या वेळी. वर्कशॉपचा मालक कारभारी पगारे हा सज्जन माणूस. वीस वर्षं मोठ्या कारखान्यात पाळ्या केल्या, मग स्वतःची चार मशीनं टाकली. अधिकारी आत आले आणि सरळ झिपरूपाशी जाऊन थांबले.

"बाळा, घाबरू नकोस," त्यातल्या बाई म्हणाल्या.

"मी बाळ नाय," झिपरू म्हणाला. त्याच्या त्या आवाजात म्हणाला, त्यामुळे बाईंचे डोळे भरून आले.

"अहो मॅडम, लग्न झालंय याचं!" कारभारी मध्ये पडले. "मी स्वतः जेवलोय लग्नात. दोन वेळा वाढून घेतलं."

हे बोलणं त्यांनी मदत म्हणून केलं. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं: बालविवाह झाल्याचे मालकास माहीत होते, मालक विवाहास हजर होता.

झिपरूला बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि तिथून बालगृहात. समितीच्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, झिपरूला पाहिलं, दोन्ही जुळतं असं त्यांना वाटलं. तरी त्या म्हणाल्या, "आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही. शाळेचा दाखला?"

"नाय."

"जन्मदाखला?"

"नाय."

झिपरूची आई अक्काबाई सुनेच्या बाळंतपणासाठी सातपूरला आली होती. तिला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं, "कुंभमेळा झाला त्या साली झाला."

मॅडमनी मनात हिशेब केला. "म्हणजे दहा वर्षांचा?"

"ओ बाई, तो कुंभ नाय. त्येच्या आधीचा."

दोन कुंभांमध्ये बारा वर्षांचं अंतर. एका कुंभाप्रमाणे झिपरू दहाचा, दुसऱ्याप्रमाणे बावीसचा आणि कार्डाप्रमाणे बरोब्बर मधला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. असं झालं की कायदा एकच वाट सांगतो: डॉक्टरकडून वय तपासून घ्यायचं. त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलला पत्र दिलं, आणि मग रोशनीकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ मुली. तो अठराच्या आतला निघाला तर अठरा पूर्ण होईपर्यंत त्याची जबाबदारी आमच्यावर. मालकावर गुन्हा. आणि तू वीस वर्षांची आहेस. अल्पवयीन मुलाशी... म्हणजे तुझ्याबद्दलही पोलीस विचारतील."

रोशनीने पोटावर हात ठेवला. "त्यानं मागणी घातली होती, मॅडम. मी नाय."

मॅडमना हसू आलं असावं. त्यांनी ते दाखवलं नाही.

बालगृहात झिपरूचे दिवस चांगले गेले हीच अडचण होती. सकाळी दूध, दुपारी खेळ, संध्याकाळी प्रार्थना. सांभाळणाऱ्या यशोदाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्याला तेल लावलं. बाळबोध पुस्तक समोर ठेवून अक्षरं गिरवायला बसवलं, आणि झिपरू गिरवतही बसला. बावीस वर्षांत कोणी बसवलं नव्हतं. पण रात्री दिवा मालवला की त्याला सातपूरची खोली दिसायची. रोशनीला कळा सुरू झाल्या तर रिक्षा कोण आणणार? अक्काबाईला रस्ता ओलांडतानासुद्धा हात धरावा लागतो.

रोशनी भेटायला आली तेव्हा दारावरच्या वहीत नातं लिहायचं होतं. तिने सांगितलं, "बायको." यशोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आत गिरवत बसलेल्या झिपरूकडे पाहिलं आणि 'नातेवाईक' एवढंच लिहिलं.

"कधी तपासणार?" रोशनीने भेटीच्या जाळीतून त्याला विचारलं.

"परवा. दात बघत्यात म्हणं, न् हाडं."

सोबत आलेल्या अक्काबाईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. हे शास्त्र तिच्या घरातलं होतं. तिचा नवरा बैलाचा पारखी होता. बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून तो वय सांगायचा: दुधाचे दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. त्यानंतर दात झिजण्यावरून हिशेब. शिवाय व्यवहाराचा मोठा नियम असा की दाढेत दोष असलेलं जनावर कोणी घेत नाही. खोड असली तर गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू द्यायचं नाही.

"झिजलेला दिसला पायजे दात," अक्काबाईने जाळीतून सल्ला दिला. "दूध पितोस तू इथं, दात पांढरा फेक झालाय. वासरू म्हनतील."

"मग काय करू?"

अक्काबाईने कनवटीची मिश्रीची डबी जाळीतून आत सरकवली.

झिपरूने दोन दिवस दात मिश्रीने काळे केले आणि विटेच्या तुकड्याने थोडे घासले. एक गोष्ट मात्र त्याने आईलाही सांगितली नाही. खालच्या बाजूला, उजवीकडे, अगदी शेवटी, महिनाभर ठणका लागला होता. हिरडी सुजली होती, भाकरी चावता येत नव्हती. बापाचा नियम त्याला पाठ होता. दाढेत दोष निघाला तर आपला व्यवहार मोडणार, याची त्याला खात्रीच पटली. त्याने ठरवलं, काही झालं तरी तोंड अर्धंच उघडायचं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी कारभारी पगारे आधीच येऊन बसले होते. धुतलेला शर्ट, हातात केळी. रोशनीला यायला नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून तीही अक्काबाईला घेऊन आली होती.

न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हर्षल देवरे हे कमी बोलणारे, देवळ्याकडचे. कागदावरचं पहिलं काम संमतीचं. झिपरूला काय काय तपासणार ते त्यांनी समजावून सांगितलं आणि सही मागितली. बालगृहात शिकलेलं 'झि' त्याने काढलं, मग दम लागल्यासारखा थांबला आणि अंगठा दिला.

"आईचाही घ्या," डॉक्टर नर्सला म्हणाले. "वय ठरेपर्यंत दोन्ही असू देत."

मग उंची, वजन, अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा. पडद्याआड नेऊन अंगाची वाढ तपासली. बाहेर येऊन डॉक्टरांनी लिहिलं आणि म्हणाले, "वाढ पुरुषाची आहे. मिशी विरळ, एवढंच. तुमच्याकडे वडिलांना मिशी होती?"

"मरेस्तोवर नव्हती," अक्काबाई म्हणाली.

"घराण्यातच आहे तर. पण यावरून वय ठरत नाही. चला, दात."

दाताच्या डॉक्टर मनाली मॅडम तरुण होत्या आणि त्यांच्या खोलीत उजेड फार होता. झिपरू खुर्चीत आडवा झाला.

"आ कर."

त्याने अर्धा केला. मॅडमनी दिवा जवळ आणला आणि तशाच थांबल्या.

"हे काय लावलंय?"

झिपरूने तोंड मिटलं. बाहेरून अक्काबाईचा आवाज आला, "मिश्री हाय ती. मीच दिली. झीज दिसावी म्हनून."

"झीज?"

अक्काबाईने दारात उभं राहून बैलाचं सगळं शास्त्र सांगितलं. मनाली मॅडमनी ते मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचं बरंचसं बरोबर आहे. कुठला दात कधी येतो यावर आम्हीही लहान मुलांचं वय सांगतो. पण झिजेवर मी जात नाही. मिश्री लावणाऱ्याचे, विटेने घासणाऱ्याचे दात तिशीतच साठीसारखे दिसतात. मला झीज नको, मला मागची दाढ हवी. ती शेवटी येते, सतरा-अठराच्या पुढे केव्हातरी. ती आली, तिची मुळं पूर्ण झाली, की काहीतरी बोलता येतं. चूळ भर रे. आता पूर्ण आ."

झिपरूने चूळ भरली आणि पुन्हा अर्धाच आ केला.

"पूर्ण."

"एवढाच हुतो."

"वर डावीकडे आहे, उजवीकडे आहे. खाली डावीकडे आहे. खाली उजवीकडे दिसत नाही," मॅडम मदतनिसाला लिहायला सांगत होत्या. "तीन."

बाहेर कारभारींनी हे ऐकलं आणि केळ्यांची पिशवी घट्ट धरली. एक कमी.

"दुखतं का काही?" मॅडमनी विचारलं.

"नाय."

त्यांनी आरसा आत सरकवला. तो उजव्या बाजूला टेकला मात्र, आणि झिपरूच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याच्या आयुष्यातला पहिला जाड आवाज होता. व्हरांड्यातले पेशंट वळून बघू लागले. बोहाड्यातल्या थोर राक्षसालाही इतका चांगला जमला नसता.

"दुखत नाही म्हणालास ना?"

झिपरूच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळ संपला होता. "खोड हाय, मॅडम," तो हळू म्हणाला. "लय दिवसाची. पण बाकी मानूस चांगला हाय मी."

मनाली मॅडमनी आरसा बाजूला ठेवला. "अरे वेड्या, ही खोड नाही. ही चौथी. आडवी फुटत्येय, हिरडीत अडकलीये, म्हणून सुजलीये. अशी दुखणारी दाढ सोळा वर्षांच्या पोराला सहसा नसते. ही लपवतोस?"

पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला. मॅडमनी तो पडद्यावर लावून सगळ्यांना बोलावलं, कारण त्यांना तो आवडला होता. तीन दाढा सरळ उभ्या; चौथी आपल्या पुढच्या दाढेवर डोकं टेकून आडवी पडलेली, बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपलेल्या माणसासारखी. पण तिची मुळं टोकापर्यंत बंद झालेली.

"मुळं उघडी असती तर मी लहान म्हटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण नुसत्या दाढांवर निकाल देऊ नये. काहींना सतराला येते, काहींना कधीच येत नाही. सर, हाडं काय म्हणतात बघा."

हाडांचे फोटो निघाले: कोपर, मनगट, खांदा, कंबर, आणि खांद्याकडून गळ्याकडे येणारं आडवं हाड. एक्सरेचे डॉक्टर आणि देवरे डॉक्टर बराच वेळ उजेडासमोर उभे होते. झिपरू त्यांच्या मागे. स्वतःच्या आत एवढं सामान आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"इकडे ये," देवरे डॉक्टर म्हणाले. "लहानपणी हाडाचं टोक आणि दांडा वेगळे असतात. मध्ये मऊ कुर्चा असते, म्हणून माणूस वाढतो. वाढ संपत आली की टोक दांड्याला जोडलं जातं. सगळी एकदम नाही, क्रमाने. हे कोपर, हे आधी जुळतं. मग मनगट, साधारण अठराच्या आसपास. तुझं पूर्ण जुळलंय, रेघसुद्धा नाही. ही कमरेच्या हाडाची वरची कड, एकोणीस ते एकवीस, जुळलीये. आणि हे गळ्याजवळचं टोक सगळ्यात शेवटी येतं. जुळलंय, पण सांधा अजून दिसतोय. नुकतंच असावं."

"म्हंजे जुळलेला," अक्काबाई मागून म्हणाली. तिला तो शब्द ऐकायचाच होता.

"म्हणजे वीसच्या वर, पंचवीसच्या आत."

"बावीस!" कारभारी म्हणाले. "कुंभाचंच साल निघालं ना!"

"बावीस असेलही. मी लिहिणार नाही."

"का हो?"

"हाडावर तारीख नसते. खाण्यापिण्याने, घराण्याने, आजाराने दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. एक आकडा सांगणारा डॉक्टर दिसला तर जपून राहा." त्यांनी चष्मा पुसला. "आम्हाला शंका आली की आम्ही लहान बाजूला झुकतो. अठराच्या सीमेवर असता तर मी त्याला मूलच म्हटलं असतं आणि तो बालगृहात राहिला असता. पण हा सीमेवर नाही. दोन वर्षं वजा केली तरी अठराच्या वर राहतो."

रोशनी इतका वेळ बाकावर होती. ती उठली आणि भिंतीला हात लावून पुन्हा बसली.

"काय झालं?" झिपरूने विचारलं.

"काय नाय. सकाळपासून थोडं थोडं होतंय. तुझं आधी होऊ दे म्हनलं."

नर्सने तिला तिथूनच प्रसूती विभागात नेलं. झिपरू मागे निघाला, तर बालगृहाच्या यशोदाबाईंनी त्याचा हात धरला. त्याला सोबत आणायला त्याच आल्या होत्या.

"तुला माझ्याबरोबर यायचंय. समितीने सोडेपर्यंत तू माझ्या ताब्यात आहेस."

"बाळंत होतीय ती!"

"मला दिसतंय. मीही तीन वेळा झालेय. पण कागद."

कागद घेऊन कारभारी पगारे स्वतः समितीकडे धावले. तिघा डॉक्टरांच्या सह्या होत्या. समितीच्या मॅडमनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला, फोन करून डॉक्टरांना विचारलं आणि आदेश लिहिला. आदेशाची सोय अशी की मूल सोडायचं तर पालकाच्या ताब्यात द्यावं लागतं. हा आता मूल नव्हता. मग कोणाच्या ताब्यात द्यायचं? मॅडमनी थोडा विचार करून लिहिलं: त्याचा तो जाऊ शकतो. कारभारींवर लिहिलेलंही मागे घेतलं. लग्नात जेवल्याचा उल्लेख तेवढा राहून गेला.

कारभारी आदेश घेऊन हॉस्पिटलात परतले तेव्हा यशोदाबाईंनी झिपरूचा हात सोडला. सोडण्याआधी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. "अक्षरं सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "'झि' झालंय. 'प' सोपा आहे."

प्रसूती विभागाच्या दारात रखवालदार बसला होता. त्याने झिपरूला बघितलं आणि काठी आडवी केली.

"लहान मुलांना आत सोडत नाहीत. घरचं मोठं कोणी असेल त्याला पाठव."

या वाक्यावर झिपरू आयुष्यभर चिडत आला होता. आज तो चिडला नाही. त्याने खिशातून अहवालाची प्रत काढली आणि रखवालदारासमोर धरली. रखवालदाराने ती सावकाश वाचली, झिपरूकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"कमरेचं हाडसुद्धा?"

"जुळलंय."

"जा मग."

आत रोशनी पडून होती, थकलेली आणि थोडी वैतागलेली. शेजारी अक्काबाई, आणि अक्काबाईच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली मुलगी. नर्स तिच्या मनगटाला पट्टी बांधत होती. पट्टीवर रोशनीचं नाव, त्याखाली आजची तारीख, आणि वेळसुद्धा.

"वडील कोण?" नर्सने विचारलं, आणि झिपरूने हात वर केला तेव्हा तिने शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

"हाच," रोशनी म्हणाली.

"वय सांगा. जन्मनोंदीला लागतं."

"वीसच्या वर, पंचवीसच्या आत."

"एक काहीतरी सांगा."

"डॉक्टर म्हनले, एक सांगणाऱ्यापासून जपून राहा."

नर्सने रोशनीकडे बघितलं. रोशनी म्हणाली, "बावीस लिहा, सिस्टर. सासूबाईंचा कुंभ आहे."

झिपरूने मुलीला घेतलं. तिने जांभई दिली तसं, घराण्याच्या सवयीने, त्याने करंगळी तिच्या हिरडीवरून फिरवली. वर काही नाही, खाली काही नाही.

"काय म्हनतोस, पारखी?" अक्काबाईने विचारलं.

"काय म्हनू? दातच नाय." त्याने पट्टीवरची तारीख बोटाने चाचपून पाहिली. वाचता येत नव्हती, पण पक्की बांधलेली होती. "हिचे दात बघायला नाय लागायचे."

मग त्याची दाढ पुन्हा ठणकली, आणि तो मुलीला रोशनीकडे देऊन मनाली मॅडमना शोधायला निघाला. दारात रखवालदाराने त्याला कागद मागितला नाही.